मुक्या एआय क्लिपला आवाज चढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं एकाच नमुना क्लिपला धरून दिली आहेत. क्लिप आठ सेकंदांची, २४ फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे एकूण १९२ फ्रेम. पावसाळी संध्याकाळ, रस्त्याकडेची चहाची टपरी, वर पत्र्याचं छप्पर. टपरीवाला पातेल्यातून काचेच्या ग्लासात चहा ओततो, ग्लास लाकडी फळीवर ठेवतो आणि मागून एक एसटी डावीकडून उजवीकडे निघून जाते. आवाज शून्य.

आवाज लावायला बसण्याआधी क्लिपचं काय करायचं?

आधी वेग बघा. एआय क्लिपमध्ये माणसं बऱ्याचदा किंचित संथ हलतात, पाण्यातून चालल्यासारखी. चित्र संथ आणि आवाज नेहमीच्या वेगाचा असला की दोन्ही खोटे वाटतात, आणि दोष मात्र आवाजाला दिला जातो. एडिटरमध्ये क्लिपचा वेग ११० ते १२५ टक्क्यांपर्यंत नेऊन पाहा. हात नैसर्गिक हलू लागला की थांबा. त्यानंतरच आवाजाला हात घाला, कारण नंतर वेग बदलला तर लावलेला प्रत्येक आवाज जागेवरून सरकतो.

दुसरी गोष्ट फ्रेमरेट. सगळी मॉडेल २४ फ्रेम देत नाहीत. वॅन २.१ हे मॉडेल साधारणपणे १६ फ्रेमच्या हिशेबाने ८१ फ्रेम देतं, म्हणजे जेमतेम पाच सेकंद. खरा आकडा असा तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,nb_frames,duration -of default=nw=1 clip.mp4
```

टाइमलाइनचा फ्रेमरेट याच आकड्यावर ठेवा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर क्लिप आल्यावर हा आकडा बदलता येत नाही, म्हणून क्लिप आत घेण्याआधीच ठरवा. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

रिझॉल्व्हच लागतं का?

नाही. त्याच्या मोफत आवृत्तीत फेअरलाइट हे ध्वनीचं पान आहे आणि या कामाला ते पुरेसं आहे. रीपर चालतं. ऑडॅसिटीत आवाज साफ करणं सोयीचं, पण चित्र समोर ठेवून काम करायला ते बनलेलं नाही. फोनवरच्या एडिटरमध्येही होतं. तिथे फ्रेमपेक्षा बारीक सरकवणं अवघड जातं, एवढंच.

एक गोष्ट मात्र हवीच, वायरचा हेडफोन. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. काही अॅप ही तूट भरून काढतात, काही काढत नाहीत. त्यावर विसंबून आवाज जुळवलात, तर तुमच्या कानाला अचूक वाटलेली क्लिप दुसऱ्याच्या फोनवर विस्कटलेली असते.

कुठले आवाज लावायचे आणि कुठले सोडायचे, हे कसं ठरवायचं?

क्लिप तीनदा पाहा. पहिल्यांदा फक्त जागा बघा: उघड्यावर की छपराखाली, कोणती वेळ, कोणता ऋतू. दुसऱ्यांदा फक्त स्पर्श बघा. एक वस्तू दुसरीला कुठे लागते, ती फ्रेम लिहून ठेवा. तिसऱ्यांदा चौकटीबाहेर काय असेल याचा विचार करा.

आपल्या नमुन्यातली यादी अशी निघते. चहाची धार ग्लासच्या तळाला लागते फ्रेम ३८ ला. धार तुटते ९१ ला. ग्लास फळीवर टेकतो ११८ ला. एसटी १३० ला चौकटीत शिरते, १५२ ला मधोमध असते, १७५ ला बाहेर पडते. पाऊस आणि शेगडी पूर्ण वेळ. बस्स.

टपरीवाल्याच्या शर्टाची सळसळ, मागे छत्री घेऊन चालणाऱ्याची पावलं, फडफडणारं ताडपत्रीचं टोक, हे सगळं चित्रात दिसतं म्हणून लावायचा मोह होतो. सोडा. खऱ्या पावसात यातलं काहीच ऐकू आलं नसतं. दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आवाज दिला की क्लिप कार्टूनसारखी वाजते.

पावसाचा एक ट्रॅक टाकला, तरी पाऊस टीव्हीच्या खरखरीसारखा का वाटतो?

कारण लांबून रेकॉर्ड केलेला पाऊस म्हणजे जवळपास सगळ्या पट्ट्यांमध्ये सारखाच पसरलेला गोंगाट असतो. त्यात थेंब सुटे ऐकू येत नाहीत, आणि कानाला पाऊस ओळखू येतो तो सुट्या थेंबांमुळे. म्हणून दोन थर लागतात.

खालचा थर लांबच्या पावसाचा, स्टिरिओ, एकसंध. तो साधारण उणे २८ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उतरवा. वरचा थर जवळचा: पत्र्यावर पडणारे टपोरे थेंब आणि पन्हाळीतून गळणारी धार. हा मोनो चालतो, कारण पत्रा डोक्यावरच आहे. याची पातळी खालच्या थराइतकीच किंवा दोन डेसिबल जास्त ठेवा. टपरीच्या छपराखालचा पाऊस आणि उघड्या मैदानातला पाऊस यांतला फरक हाच थर दाखवतो. तो नसेल तर प्रेक्षकाला नेमकं खटकतंय काय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आठ सेकंदांसाठी आठ सेकंदांचाच तुकडा घेऊ नका. दोन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून असा भाग निवडा ज्यात एखादा ठळक टप्पकन थेंब किंवा हॉर्न नाही. लूप करावं लागलंच, तर जोडावर अर्धा ते एक सेकंद क्रॉसफेड द्या. ठळक आवाज दुसऱ्यांदा ऐकू आला की कान लूप लगेच पकडतो.

चहा ओतण्याचा आवाज घरी कसा रेकॉर्ड करायचा?

लायब्ररीत शोधण्यापेक्षा हा घरीच करा, दहा मिनिटांचं काम आहे. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, खिडकी लावलेली. फोन ग्लासपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, धारेच्या थेट समोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे शिंतोडेही उडत नाहीत. रेकॉर्डिंग अॅपमध्ये गोंगाट कमी करण्याची आणि पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असेल तर ती बंद करा. ओतण्याचा आवाज हा फोनच्या लेखी गोंगाटच असतो आणि तो त्याचं शेपूट कापून टाकतो. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या.

पाणी गरम घ्या. गरम पाण्याची धार थंड पाण्यापेक्षा किंचित मऊ आणि खालच्या स्वराची वाजते, आणि हा फरक लोकांना नकळत कळतो. ग्लास कटिंगचा, जाड काचेचा. स्टीलचा पेला चालणार नाही, त्याचा नाद वेगळा.

आता मुख्य मुद्दा. ग्लास भरत जातो तशी आतली हवेची जागा कमी होते आणि स्वर चढत जातो. तो चढ शेवटाला असतो, म्हणून जुळवणी शेवटाकडून करायची. नमुन्यात ओतणं फ्रेम ३८ ते ९१, म्हणजे २.२ सेकंद. तुमचं रेकॉर्डिंग चार सेकंदांचं असेल तर ते दाबून छोटं करू नका, नाहीतर पाणी किरकिरं वाजेल. शेवटचे दोन सेकंद ठेवा, सुरुवातीला धार तळाला लागतानाचा दोन दशांश सेकंदांचा तुकडा जोडा आणि मध्ये छोटा क्रॉसफेड द्या. आवाजाचा शेवट ९१ वर बसवा. त्यानंतर एक-दोन थेंब पडू दिले तर धार कापल्यासारखी वाटत नाही.

ग्लास फळीवर ठेवल्याचा आवाज दरवेळी खोटाच का वाटतो?

बहुतेक वेळा ग्लास रिकामा असतो म्हणून. रिकामा ग्लास टणकन वाजतो, भरलेला दबका ठप्प करतो. चित्रात ग्लास चहाने भरलेला आहे, तर रेकॉर्ड करतानाही भरलेलाच ठेवा. खाली जाड लाकूड हवं, पाट किंवा उलटा पोळपाट चालतो. प्लायवूडचं टेबल पोकळ वाजतं. लाकूड ओलं करून घेतलंत तर टेकण्यासोबत जो बारीक चिकट आवाज येतो, तो पावसाळी टपरीला शोभतो.

आवाज नेमका कुठल्या फ्रेमवर बसवायचा?

चोवीसच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. प्रसारण क्षेत्रातल्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर तो लोकांच्या लक्षात येऊ लागतो. उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. म्हणजे एक फ्रेम आधी आलेला आवाज सीमेवर असतो आणि दोन फ्रेम उशिरा आलेला चालतो. याला कारणही साधं आहे. प्रत्यक्षात लांबचा आवाज नेहमी उशिराच येतो, आधी कधीच येत नाही. शंका आली की आवाज अर्धी फ्रेम उशिरा सरकवा.

एआय क्लिपमध्ये मूळ अडचण वेगळीच असते. तिथे स्पर्शाचा क्षणच धूसर असतो. नमुन्यात ग्लास ११५ पासून ११८ पर्यंत फळीत हळूच रुतल्यासारखा दिसतो, कुठल्याच फ्रेममध्ये तो ‘टेकला’ असं म्हणता येत नाही. अशा वेळी हालचाल जिथे थांबते ती फ्रेम धरा, सावली मिळते ती नव्हे. आवाजाचं टोक, म्हणजे लाटेचा पहिला उंच काटा, ११८ वर आणा. फाइलची सुरुवात ११८ वर आणून चालत नाही, कारण तिच्यात आधी थोडी शांतता असते. ती कापल्याशिवाय जुळवणी बरोबर येत नाही.

१६ फ्रेमच्या क्लिपमध्ये एक फ्रेम ६२ मिलिसेकंदांची असते आणि खरा स्पर्श दोन फ्रेमच्या मध्ये हरवलेला असतो. तिथे आवाज नंतरच्या फ्रेमवर द्या.

चित्रातच चूक असेल तर? धार ग्लासच्या बाहेरून जाते, चहा एकदम अर्ध्यावरून काठोकाठ होतो.

आवाज सलग ठेवा. आपल्या क्लिपमध्ये ७० ते ७४ या फ्रेममध्ये चहाची पातळी उडी मारते. ओतण्याचा आवाज तिथे अखंड चालू राहिला तर फारच थोडे लोक ती उडी पाहतात. तिथेच आवाजात जोड किंवा चढउतार आला, तर नजर थेट त्या जागी जाते.

पावलांच्या बाबतीत मात्र उलट. पाय घसरत असतील, एका पायावर दोनदा भार येत असेल, तर दिसतं त्या प्रत्येक टेकण्याला आवाज देऊ नका. चाल सम ठेवा, म्हणजे दर पावलाला अर्धा सेकंद असेल तर अर्धाच सेकंद, आणि जी दोन-तीन पावलं स्पष्ट दिसतात त्यांच्यावर बसतील असा सगळा क्रम सरकवा. बाकीच्यांची पातळी चार-पाच डेसिबल खाली. पाय चौकटीबाहेर असतील तर काम आणखी सोपं. आणि चूक फारच ढळढळीत असेल, सहा बोटांचा हात मध्यभागी असेल, तर आवाजाने ती झाकली जाणार नाही. क्लिप पुन्हा तयार करा.

सगळं जुळलं, तरी आवाज चित्रावर वरून चिकटवल्यासारखा का वाटतो?

अंतर जुळलेलं नसतं. घरी वीस सेंटिमीटरवरून घेतलेला ओतण्याचा आवाज तसाच टाकला तर प्रेक्षकाचा कान ग्लासात असतो आणि डोळा रस्त्याच्या पलीकडे. कॅमेरा दोन-तीन मीटरवर असल्याचं दिसत असेल तर तीन गोष्टी करा. सहा किलोहर्ट्झच्या वर तीन ते पाच डेसिबल उतरवा. १५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. आणि अगदी छोटा रिव्हर्ब द्या, ०.३ सेकंदांचा, ऐकू न येण्याइतका: बंद केल्यावर काहीतरी कमी झालं असं वाटलं पाहिजे, चालू असताना तो रिव्हर्ब वाटता कामा नये. टपरी उघडी आहे. हॉलसारखा घुमारा दिलात की सगळं संपलं.

दुसरं कारण म्हणजे पाऊस ओतण्याचा आवाज खाऊन टाकतो, मग लोक ओतण्याचा आवाज वाढवत जातात आणि तो पुन्हा चिकटवलेला वाटतो. त्याऐवजी त्या २.२ सेकंदांपुरता पावसाच्या थरातून २ ते ५ किलोहर्ट्झमधला भाग दोन-तीन डेसिबल कमी करा. कोणाच्या लक्षात येत नाही, आणि धार आपोआप पुढे येते.

मागून जाणारी एसटी कशी हलवायची?

तिचा आवाज ती दिसण्याच्या आधी सुरू झाला पाहिजे, दिसेनाशी झाल्यावरही राहिला पाहिजे. नमुन्यात ती १३० ला दिसते, तर आवाज ९५-१०० च्या सुमारास हळूहळू वर येऊ द्या. सर्वांत मोठा १५२ ला. क्लिप संपताना तो उजवीकडे विरत असला पाहिजे. पॅन टोकापासून टोकापर्यंत नेऊ नका, डावीकडे चाळीस टक्क्यांपासून उजवीकडे चाळीस टक्क्यांपर्यंत पुरे.

जाताना स्वर उतरतो, तोही द्यायला हवा. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा स्वर समोरून येताना आणि लांब जाताना यांत साधारण एका अर्धस्वराचा फरक पडतो. लायब्ररीतली ‘गाडी गेली’ ही फाइल अनेकदा महामार्गावरची असते, तिच्यात हा उतार बराच जास्त असतो, आणि टपरीसमोर सावकाश जाणारी एसटी शर्यतीतल्या गाडीसारखी वाजते. इंजिनच्या जोडीला ओल्या डांबरावरच्या टायरची चरचर वेगळ्या ट्रॅकवर हवी. पावसाळा इंजिनमधून ऐकू येत नाही, टायरमधून येतो.

डाउनलोड केलेले आवाज वापरताना काय तपासायचं?

आधी देश तपासा. मोफत लायब्ऱ्यांमधलं बरंच रेकॉर्डिंग युरोप-अमेरिकेतलं आहे. ‘गावाकडची सकाळ’ म्हणून मिळालेल्या फाइलमधले पक्षी इथले नसतात. तिकडचा कावळा आपल्या गावकावळ्यापेक्षा जाड आणि खरखरीत ओरडतो. बाजाराच्या आवाजात मागे कोण कुठली भाषा बोलतंय ते हेडफोनवर ऐका. घराच्या आतल्या आवाजात विजेची गुणगुण असेल तर अमेरिकेत ती ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५०. हे कोणी ओळखणार नाही, पण आपल्या पंख्याच्या रेकॉर्डिंगसोबत ती मिसळली की एक विचित्र थरथर येते. साध्या फिल्टरने काढून टाका. इथल्या वातावरणासाठी सर्वांत भरवशाची फाइल तुमच्या स्वतःच्या खिडकीत, पहाटे आणि तिन्हीसांजेला, दहा-दहा मिनिटांची रेकॉर्ड केलेली असते. जूनमधल्या रात्रीचे बेडूक आणि रातकिडे एकदा साठवून ठेवले की वर्षभर उपयोगी पडतात.

मग परवाना. फ्रीसाउंडवर प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो: काही पूर्ण मोकळ्या, काहींना नाव द्यावं लागतं, काही कमाईच्या कामाला चालत नाहीत. बीबीसीचा ध्वनिसंग्रह वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामाला मोफत आहे. जाहिरातीला किंवा कमाई चालू असलेल्या चॅनेलला वेगळा परवाना घ्यावा लागतो. फाइल घेतानाच तिचं पान आणि परवाना एका तक्त्यात नोंदवून ठेवा.

व्हिडिओ पाहून आपोआप आवाज देणारी एआय साधनं आहेत. मग हे कष्ट कशाला?

वापरा, पण कशासाठी ते ठरवून. एमएमऑडिओ, हुन्युआन व्हिडिओ फोली यांसारखी मॉडेल चित्र बघून त्याला जुळणारा आवाज तयार करतात, आणि व्हिओ ३ तर चित्रासोबतच आवाज देतं. वातावरणाचा कच्चा थर मिळवायला ही साधनं चांगली आहेत. अडचण ही की सगळा आवाज एकाच फाइलमध्ये एकजीव येतो. पाऊस बरोबर आला आणि ग्लास चुकला, तर ग्लास तेवढा बदलता येत नाही. मधूनच पुटपुटल्यासारखे अर्थहीन शब्द किंवा न मागितलेलं संगीतही येतं.

त्यापेक्षा शब्दांवरून आवाज बनवणाऱ्या साधनाकडून सुटे आवाज घ्या: फक्त पत्र्यावरचा पाऊस, फक्त शेगडीची भुरभुर. मागणीत वस्तू, पृष्ठभाग आणि अंतर हे तिन्ही सांगा आणि ‘संगीत नको, बोलणं नको’ हेही लिहा. स्पर्शाचे आवाज, म्हणजे ओतणं, टेकणं, पावलं, हाताने केलेलेच सरस ठरतात. मॉडेलचा परवानाही वाचा. एमएमऑडिओचा कोड मोकळा आहे, पण प्रशिक्षित मॉडेलच्या फाइली बिगरव्यावसायिक वापरासाठी आहेत.

शेवटची पातळी किती ठेवायची?

एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप. यूट्यूब मोठा आवाज उणे १४ एलयूएफएसपर्यंत खाली आणतं. कमी असलेला वाढवत नाही. त्यामुळे अनेक जण सगळंच उणे १४ वर नेऊन ठेवतात. संवाद नसलेल्या क्लिपला ते करू नका, टपरीवरचा पाऊस धबधबा होतो. नमुन्यात पाऊस उणे २८, ओतणं उणे १४, ग्लासचं टोक उणे ९ आणि एसटी उणे २० असं मांडून झालं की सगळा मिक्स एकत्र साताठ डेसिबल वर घ्या. सर्वोच्च टोक उणे १ च्या वर जाता कामा नये. सरासरी उणे २० ते उणे १६ च्या मध्ये कुठेतरी येईल. रील असेल तर उणे १६ कडे झुका, कारण तिच्या आगेमागे कर्कश क्लिपा असतात. मग चित्राला हात न लावता आवाज जोडा आणि मोजा:

```
ffmpeg -i clip.mp4 -i mix.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 256k out.mp4
ffmpeg -i out.mp4 -af ebur128=peak=true -f null -
```

वेग बदलला असेल तर clip.mp4 च्या जागी बदललेल्या वेगाची निर्यात केलेली फाइल द्या.

फोनवर एसटी गायबच होते. का?

फोनच्या स्पीकरला दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवता येत नाही आणि तुमच्या एसटीचा सगळा जोर तिथेच आहे. पातळी वाढवून उपयोग नाही. इंजिनच्या ट्रॅकची एक प्रत घ्या, तिला थोडं डिस्टॉर्शन द्या, ३०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि मूळ आवाजाखाली हळूच मिसळा. टायरची चरचरही इथे कामी येते. शेवटी मिक्स मोनो करून एकदा ऐका. पाऊस अचानक पातळ झाला तर त्या स्टिरिओ फाइलचे दोन चॅनेल एकमेकांना खोडत आहेत, दुसरी फाइल घ्या.

अशा चार-पाच क्लिपा जोडायच्या असतील तर?

मग पावसाचा थर क्लिपला नाही, दृश्याला लावा. एकच सलग थर सगळ्या क्लिपांखाली चालू द्या आणि कटवर फक्त जवळचे आवाज बदला. प्रत्येक तुकडा वेगळा तयार झाल्यामुळे प्रकाश आणि पावसाचा जोर दर क्लिपला थोडा वेगळा असतो, आणि अखंड आवाज ही विसंगती बऱ्यापैकी सांधतो. जागा बदलत असेल, म्हणजे टपरीवरून एसटीच्या आत, तर नव्या जागेचा आवाज कटच्या सहा ते आठ फ्रेम आधी सुरू करा, आणि आतल्या पावसाला दोन किलोहर्ट्झच्या वर चांगलं दाबून टाका. खिडकीची काच लावलेली असेल तर आणखी.